लेकीचं लर्निंग : विदाऊट गिअर टाकू की विथ गिअर?

मानेवाडा_माय

नमस्कार मंडळी. लेक मागच्या रविवारी अठरा पूर्ण झाली आणि सोमवारपासून घरात लायसन सोडून दुसरा विषय नाही. घरात माझी अ‍ॅक्टिव्हा आहे आणि मुलाची पल्सर. लेकीचा डोळा अर्थातच अ‍ॅक्टिव्हावर आहे, कॉलेज हिंगणा रोडला असल्याने बससाठी तिचा रोज तास जातो.

गल्लीच्या तोंडाशी एजंट बसतो. त्याने कागदावर तीन खुणा केल्या, विदाऊट गिअर, विथ गिअर आणि कार. म्हणे, "ताई, तिन्ही टाकून द्या, पुढची कटकट नको." ह्यांचं म्हणणं की ती गिअरच्या गाडीला हातसुद्धा लावणार नाही, विदाऊट गिअर पुरे. मुलगा म्हणतो फक्त विथ गिअर टाका, त्यात दोन्ही येतं. तिघं तीन बोलतात. नक्की काय टाकायचं, आणि ट्रायलला कोणती गाडी न्यायची?

माझं स्वतःचं लायसन विदाऊट गिअरचं आहे, म्हणून मला यातलं काही कळत नाही.

गोकुळपेठ_बाबू

काहून एवढा विचार करून राह्यल्या ताई? टू-व्हीलर म्हणजे टू-व्हीलर. माझ्याकडे एकच लायसन हाय, मी अ‍ॅक्टिव्हाबी चालवतो अन् बुलेटबी. बारा वर्षं झाली, चौकात कितीदा अडवलं, पण "हे लायसन या गाडीचं नाही" असं कोणीच नाही म्हणलं. काहीही टाका.

गिअरकाका

बाबूभाऊ, तुमचं कार्ड खिशातून काढा आणि बघा. त्यावर MCWG छापलेलं असणार, म्हणजे मोटारसायकल विथ गिअर.

ताई, तुमचा मुलगा बरोबर सांगतो आहे. मी वीस वर्षांहून जास्त काळ मोटर ट्रेनिंग चालवतो, हा प्रश्न दर आठवड्याला येतो. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम ९ मध्ये आधी म्हटलंय की ज्या प्रकारच्या गाडीसाठी अर्ज केला, ट्रायल त्याच प्रकारच्या गाडीवर द्यायची. आणि लगेच पुढे एक सूट दिली आहे : गिअरच्या मोटारसायकलवर जो पास झाला, तो बिनगिअरच्या ट्रायलमध्येही पास झाला असं धरायचं. उलटी सूट नाही. अ‍ॅक्टिव्हावर पास झालेल्याला पल्सर मिळत नाही.

म्हणजे विथ गिअर टाकलं तर विदाऊट गिअर वेगळं टाकायची गरज नाही. ट्रायलची फी प्रत्येक प्रकाराला वेगळी, सध्या ३०० रुपये, त्यामुळे विदाऊट गिअरची खूण ही फक्त जास्तीची फी. कार शिकायची असेल तर ती वेगळी टाका, ती दुचाकीत येत नाही.

अट एवढीच की ट्रायलला पल्सर न्यावी लागेल. अर्ज विथ गिअरचा आणि मुलगी आली अ‍ॅक्टिव्हावर, असं झालं तर इन्स्पेक्टर तिथूनच परत पाठवतात. हे मी दर महिन्याला बघतो.

गोकुळपेठ_बाबू

हाव, MCWG च हाय 😄

मानेवाडा_माय

काका, पण तिला गिअर येतच नाही. अ‍ॅक्टिव्हा तर दोन दिवसांत चालवायला लागली ती, गल्लीतल्या गल्लीत.

गिअरकाका

तिथेच तर गंमत आहे, आणि ही सूट एकाच बाजूने का आहे तेही त्यातूनच कळतं.

स्कूटरवर दोन्ही हातांत ब्रेक असतो. डावी मूठ दाबली की गाडी थांबते, हे तिच्या बोटांना आता पाठ झालं आहे. गिअरच्या गाडीवर डाव्या हाताला क्लच. घाबरल्यावर माणूस विचार करत नाही, पाठ असलेलंच करतो. ती डावी मूठ गच्च आवळेल, इंजिन चाकापासून सुटेल आणि गाडी थांबायच्या ऐवजी मोकळी घरंगळत पुढे जाईल. मागचा ब्रेक उजव्या पायाखाली आहे, हे तिच्या लक्षात येईपर्यंत समोरच्या ऑटोचा बंपर आलेला असतो. गिअरवरून स्कूटरवर येणाऱ्याचं असं होत नाही. फार तर पाय गिअर शोधतो आणि हवेत मारतो.

म्हणून माझ्याकडे आलेल्या पोरांना मी पहिले दोन दिवस गाडी चालवूच देत नाही. रेशीमबागेच्या मैदानावर सकाळी सहाला गाडी बंद ठेवून ढकलत नेतो आणि नुसतं थांबायला लावतो, उजव्या पायाने. पाय न सांगता खाली जायला लागला की मग किक. पंधरा दिवस रोज अर्धा तास दिला तर तुमची लेक पल्सर चालवेल, घाबरू नका.

धंतोली_नर्स

मी माझं सांगते, कारण मीही "गिअरला हात लावणार नाही" म्हणणाऱ्यांतली होते. अठराव्या वर्षी विदाऊट गिअर काढलं, आठ वर्षं स्कूटर चालवली. मग एका रात्री ड्यूटीवर जाताना स्कूटर सुरूच होईना. नवऱ्याची स्प्लेंडर घेऊन निघाले, तोपर्यंत गिअर येत होतं मला. स्पीडब्रेकरवर वाळू होती, घसरले. मला खरचटलं, गाडीचं हँडल आणि टाकी गेली. विमा कंपनीने पहिला कागद मागितला तो लायसनचा. MCWOG दिसल्याबरोबर गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला. दुसऱ्या कोणाला लागलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी अजूनही करते.

ताई, म्हणून सांगते, मुलगा म्हणतो तेच करा. आणि काका, माझ्या लायसनवर आता विथ गिअर चढवायचं आहे, परत पहिल्यापासून सगळं करावं लागतं का?

गिअरकाका

सगळं नाही. पक्कं लायसन हातात असल्यामुळे ती संगणकावरची परीक्षा, पंधरा प्रश्न आणि त्यातले नऊ बरोबर, ती तुम्हाला नाही. पण विथ गिअरचं लर्निंग काढावं लागेल, त्यानंतर तीस दिवस थांबायचं आणि गिअरच्या गाडीवर ट्रायल द्यायची. सारथीच्या साईटवर लायसनमध्ये नवीन प्रकार जोडायचा वेगळा अर्ज आहे, तो निवडा. नवीन लायसनचा अर्ज भरू नका, नाहीतर जुना नंबर आणि नवा नंबर असा घोळ होतो.

वकील_नाही_पण

एक शंका. लेकीचं लर्निंग विथ गिअरचं निघालं आणि त्या सहा महिन्यांत ती रोज कॉलेजला अ‍ॅक्टिव्हाच नेणार. हे चालतं का? कलम ९ ची सूट आहे ती "ट्रायल पास झालेल्या" माणसाला. लर्निंगवाला अजून कशात पास झालेला नाही. शब्दाला धरलं तर लर्निंगवर जो प्रकार छापलाय, तीच गाडी.

गिअरकाका

शब्दाला धरलं तर तुम्ही म्हणता ते खरं. पण मोठी सोडून धाकटी चालवली म्हणून लर्निंगवाल्याला कोणी पकडल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

वकील_नाही_पण

पकडलं नाही हा बाबूभाऊंचा युक्तिवाद झाला की काका 🙂 नर्सताईंनाही त्या रात्री कोणी पकडलं नव्हतं. अपघात झाल्यावर विमावाला काय वाचेल, ते महत्त्वाचं.

गिअरकाका

मान्य. यावर माझ्याकडे ठाम उत्तर नाही. फार काळजी असेल त्याने लर्निंगला दोन्ही टाकावं.

त्यापेक्षा मोठी चूक लोक वेगळीच करतात, ती सांगतो. लर्निंगवर असताना एकट्याने चालवायचंच नाही. पुढे-मागे लाल अक्षरात L हवा आणि मागच्या सीटवर शिकवणारा हवा, ज्याच्याकडे त्या गाडीचं पक्कं लायसन आहे. त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाला डबलसीट घ्यायचं नाही, मैत्रीण नाही आणि आजीही नाही.

आता ताई, नीट वाचा. तुमचं लायसन विदाऊट गिअरचं. म्हणजे लेक अ‍ॅक्टिव्हा चालवत असेल तर तुम्ही मागे बसून शिकवू शकता. पल्सरवर मागे तुम्ही चालणार नाही, तिथे भाऊच बसला पाहिजे.

मानेवाडा_माय

अगं बाई! हे तर डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे रोज सकाळी सहाला मुलाला उठवायचं. लायसनपेक्षा तेच अवघड.

काटोलचा_संत्रावाला

राजेहो, गिअरचं समजलं. पण माझ्या ट्रॅक्टरले आठ गिअर हायेत पुढचे, दोन मागचे. मले विथ गिअर काढा लागते का? सध्या माझ्यापाशी कारचं लायसन हाय. अन् भाचा म्हणते टेम्पोबी तोच चालवीन, कळमन्याले माल न्याले. त्याचंबी कारचंच हाय.

गोकुळपेठ_बाबू

संत्रावाले भाऊ, विथ गिअर फक्त दोन चाकांचं असते बाप्पा. पण टेम्पो पिवळ्या पाटीचा असन तर भाच्याले ट्रान्सपोर्टचं लायसन लागते. पिवळी पाटी म्हणजे ट्रान्सपोर्ट, इतकं साधं हाय.

गिअरकाका

पहिलं वाक्य बरोबर, दुसरं जुनं झालं.

चारचाकीत कायदा गिअर मोजतच नाही. ऑटोमॅटिक कार असो की साधी, लायसन एकच, LMV. तिथे मोजतात वजन, आणि हद्द आहे ७,५०० किलो. गोची इथे होते की कोणतं वजन, ते गाडीप्रमाणे बदलतं. कार आणि ट्रॅक्टरचं रिकामं वजन बघायचं. माल किंवा प्रवासी वाहणाऱ्या गाडीचं भरलेलं वजन बघायचं, म्हणजे कंपनीने ठरवून दिलेलं गाडी अधिक माल असं एकूण. संत्रावाले, तुमचा ट्रॅक्टर फार तर दोन-सव्वादोन टनांचा असेल, तो कारच्याच लायसनमध्ये बसतो, गिअर आठ असोत की अठरा.

टेम्पोचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला निकाल दिला, बजाज अलियान्झ विरुद्ध रंभा देवी. भरलेलं वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर साध्या LMV लायसनवर ती मालवाहू गाडी चालवता येते, वेगळा ट्रान्सपोर्टचा शिक्का लागत नाही. पाटी पिवळी आहे म्हणून काही फरक पडत नाही. त्यातून ई-रिक्षा, ई-कार्ट आणि घातक माल वाहणाऱ्या गाड्यांच्या अटी मात्र तशाच ठेवल्या आहेत.

भाच्याचा टेम्पो कोणता आहे? अंदाज नको, आरसी काढा.

काटोलचा_संत्रावाला

आरसी पाहली. अनलेडन ४,३०० लिवलं हाय. म्हणजे झालं ना काम, साडेसातच्या आतच हाय.

गिअरकाका

थांबा थांबा. नेमकं हेच चुकतं सगळ्यांचं. ४,३०० हे रिकाम्या गाडीचं. त्याच आरसीवर लेडन किंवा ग्रॉस वजन म्हणून दुसरा आकडा असतो. तो सांगा.

काटोलचा_संत्रावाला

१०,७०० 😐

गिअरकाका

मग भाचा कारच्या लायसनवर ती गाडी चालवू शकत नाही. रिकामी नेली तरी नाही, कारण कंपनीचा आकडा बघतात, त्या दिवशी मागे किती क्रेट आहेत ते नाही. बाजारात भरपूर गाड्यांचं ग्रॉस वजन ७,४९० असतं. ते उगाच दहा किलो कमी नाही, हद्दीच्या आत राहायला तसं बनवतात. मालाची गरज भागत असेल तर तशी गाडी बघा, भाचा उद्या सकाळी चालवेल.

काटोलचा_संत्रावाला

गाडी घेऊन झाली हो. आता त्याले हेवी काढाचं त काय लागते? भाचा एकोणीसचा हाय.

गिअरकाका

मग आधी एक वर्ष थांबा. ट्रान्सपोर्टला वय वीस लागतं, आणि LMV लायसन किमान एक वर्ष जुनं हवं, तरच ट्रान्सपोर्टचं लर्निंग मिळतं. ट्रेनिंग स्कूलचं प्रमाणपत्र आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. हेवीचं शिक्षण कमीत कमी तीस दिवसांचं, त्यात पंधरा तास प्रत्यक्ष स्टिअरिंगवर. कारचं एकवीस दिवस आणि दहा तास असतं. मग ट्रायल, तीही मोठ्या गाडीवरच. कार घेऊन गेला तर चालत नाही.

तिथे बघतात ते कारपेक्षा वेगळं. आठ-नऊ मीटरची गाडी मागे घेताना आरसे किती वापरतो, वळताना मागचं चाक आतल्या बाजूने कापतं ते कळतं का, चढावर भरवशाने उभी करून पुन्हा काढता येते का. लोक नापास होतात ते बहुतेक रिव्हर्समध्ये, कारण कारमध्ये मान वळवून बघायची सवय असते आणि इथे मागे मालाची भिंत.

पूर्वी मीडियम गुड्स, हेवी गुड्स, मीडियम पॅसेंजर, हेवी पॅसेंजर असे चार वेगळे प्रकार होते. १९९४ च्या दुरुस्तीनंतर ते एकत्र करून ट्रान्सपोर्ट केलं. म्हातारे ड्रायव्हर अजून "एचजीव्ही" म्हणतात.

सीताबर्डीचा_बाप

विषय लायसनचा आहे म्हणून विचारतो. मुलगा सोळाचा आहे, सोळाव्या वर्षीही विदाऊट गिअर मिळतं ना? मग अ‍ॅक्टिव्हा देऊन टाकू का? ट्यूशन वर्धमाननगरला, आम्ही दोघं कामावर.

वकील_नाही_पण

मिळतं, पण ५० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी, तेही पालकाच्या संमतीने. अ‍ॅक्टिव्हा ११० ची आहे. दुकानात ५० सीसीची गाडी मागा, दुकानदार हसेल. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो : २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. शिवाय मुलाला पंचविशीपर्यंत लर्निंग नाही. ऑटो लावा भाऊ.

सीताबर्डीचा_बाप

ऑटोवाला महिन्याचे सांगतो ते ऐकलं तर तुम्हीच अ‍ॅक्टिव्हा द्याल. पण ठीक आहे.

मानेवाडा_माय

मंडळी, दीड महिन्याने परत आले. विथ गिअर आणि कार टाकली, एजंट तोंड पाडून बसला. मुलगा रोज सहाला उठला (पहिले चार दिवस पाणी मारावं लागलं). काकांनी सांगितल्याप्रमाणे गाडी बंद ठेवून नुसतं थांबायचं शिकवलं, तेव्हा लेक म्हणाली "हा काय पोरखेळ", पण सहाव्या दिवशी समोर कुत्रं आलं आणि तिचा उजवा पाय आपोआप खाली गेला. तेव्हापासून काका तिचे गुरू.

काल दुचाकीची ट्रायल होती. रांगेत उभं राहिल्यावर कागद मागितले, आरसी, विमा, पीयूसी. पीयूसी दोन दिवसांपूर्वी संपलेली! मुलगा पळत जाऊन पंपावरून काढून आला, नशीब रांग मोठी होती. मग आठ काढायला लावलं. पहिला गोल छान, दुसऱ्या गोलात तिने वळताना पुढचा ब्रेक आवळला आणि पाय टेकला. नापास.

गिअरकाका

वळताना पुढच्या ब्रेकला बोटसुद्धा लावायचं नाही, गाडी आतल्या बाजूला पडते. पहिला गिअर, क्लच अर्धा धरलेला, वेग कमी करायचा तो फक्त मागच्या ब्रेकवर हलका पाय ठेवून. आणि तिला सांगा, चाकाकडे बघू नकोस, आठाच्या पुढच्या वळणाकडे बघ. जिथे नजर तिथे गाडी. परत ट्रायल सात दिवसांनंतर देता येते. तीनदा नापास झाली तर मात्र साठ दिवस थांबावं लागतं, तेवढी वेळ येणार नाही.

मानेवाडा_माय

झाली पास! आज सकाळी, दुसऱ्या फेरीत. इन्स्पेक्टर म्हणाले हातवारे जरा मोठे कर, मागच्याला दिसले पाहिजेत. कारची ट्रायल पुढच्या आठवड्यात आहे.

गोकुळपेठ_बाबू

अभिनंदन ताई! मग आता अ‍ॅक्टिव्हा लेकीची?

मानेवाडा_माय

कुठची. ती म्हणते अ‍ॅक्टिव्हा बोअर होते. पल्सरची चावी लपवून ठेवलीय मुलाने.

धंतोली_नर्स

मीपण काल जोडायचा अर्ज भरला. तीस दिवस मोजते आहे. काका, रेशीमबागेत सकाळी सहाला नक्की असता ना?